पेपरच्या आधीचे चोवीस तास

परीक्षेचा मोसम सुरू झाला की आमच्या दवाखान्यातील गर्दीचा तोंडवळा बदलतो. एरवी खोकला, ताप आणि सांधेदुखी घेऊन येणाऱ्या मंडळींमध्ये दहावी-बारावीची मुले दिसू लागतात. कुणाला मळमळते, कुणाचे डोके दुखते, कुणाला रात्री झोपच येत नाही. तपासून पाहावे तर आजार असा काही सापडत नाही. सापडतो तो आदल्या दिवसाचा विस्कटलेला कार्यक्रम. तेव्हा आज औषधांविषयी न लिहिता लेखी पेपरच्या आधीच्या चोवीस तासांविषयी लिहावे असे ठरवले आहे. या चोवीस तासांत काय वाचावे, काय खावे आणि काय सरळ सोडून द्यावे, एवढाच आजचा विषय.

बोलणे नेमके व्हावे म्हणून एकच पेपर समोर धरू. दहावीचा 'विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २'. गुण ४०, वेळ दोन तास, सुरुवात सकाळी अकराला. साडेदहापर्यंत केंद्रावर हजर राहायचे असते. भाग १ आणि भाग २ यांच्यामध्ये बहुधा एखादा दिवस मोकळा मिळतो, आणि त्या मोकळ्या दिवसाचेच बहुतेक घरांत मातेरे होते.

टॉनिक मागायला आलेले वडील

गेल्या वर्षी अशाच एका मोकळ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास आमच्या गल्लीतील किराणा दुकानदार मुलीला घेऊन आले. मुलीच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळे होती. वडील म्हणाले, "डॉक्टर, पोरीला आज रात्रभर बसायचंय. जागरणाला जोर येईल असं एखादं टॉनिक द्या."

मी मुलीला विचारले, "बाळ, काल किती वाजता झोपलीस?"

"एक वाजता, काका. आणि चारला उठले."

असे जागरणाला जोर देणारे टॉनिक औषधशास्त्रात नाही. जी औषधे माणसाला जागे ठेवतात ती वाचलेले लक्षात ठेवायला मदत करतीलच असे नाही, आणि शाळकरी मुलांना ती अशी देताही येत नाहीत. म्हणून मी चिठ्ठीच्या कागदावर औषधाऐवजी दुसऱ्या दिवशी सकाळी अकरापर्यंतचे वेळापत्रक लिहून दिले. ते कसे आखले ते सांगतो, कारण तीच रीत कोणत्याही लेखी पेपरला लागू पडते.

आधी झोप लिहायची, मग अभ्यास

आपल्याकडे वेळापत्रक करताना आधी धडे लिहितात आणि उरलेल्या वेळेत झोप बसवतात. मी उलटे करायला सांगतो. पेपर अकराला. केंद्र घरापासून अर्ध्या तासावर, म्हणजे पावणेदहाला निघायचे. नाश्ता सव्वाआठला. उठायचे सहाला. म्हणजे रात्री साडेदहाला डोळा लागला पाहिजे. या साडेसात तासांच्या खुंट्याला हात लावायचा नाही. काही कापावे लागले तर धडा कापायचा, झोप नाही.

याचे कारण असे. दिवसभर वाचलेले मेंदूत पक्के बसण्याचे बरेचसे काम झोपेत चालते. गाढ झोप रात्रीच्या पहिल्या भागात जास्त असते आणि स्वप्नांची झोप पहाटेच्या भागात. एक ते चार झोपणाऱ्या मुलाच्या वाट्याला रात्रीचा एक तुकडाच येतो. शिवाय दुसऱ्या दिवशीचे लक्ष उडते ते वेगळेच.

झोप नसलेल्या मेंदूची अवस्था काय होते याचे एक मोजमाप ऑस्ट्रेलियातील दोन संशोधकांनी १९९७ साली प्रसिद्ध केले. डोळा आणि हात यांचा मेळ लागणारे एक काम त्यांनी जागरण केलेल्या माणसांना दिले आणि तेच काम मद्य घेतलेल्यांनाही दिले. सलग चोवीस तास जागे असलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.१० टक्का मद्य असलेल्या माणसाइतकी घसरली. आपल्याकडे वाहन चालवताना ०.०३ टक्क्याच्या वर मद्य सापडले तर गुन्हा होतो. म्हणजे ज्याच्या हाती आपण मोटारसायकल देणार नाही, त्याच्या हाती आपण प्रश्नपत्रिका देतो.

मात्र झोपेची वेळ एकदम फार अलीकडेही ओढू नये. रोज साडेअकराला झोपणाऱ्या मुलाला आदल्या दिवशी नऊला अंथरुणावर घातले तर तो फक्त कूस बदलत राहील. नेहमीच्या वेळेआधीचे दोन-तीन तास शरीर झोपायला सहसा तयार नसते. अर्धा-पाऊण तास अलीकडे आणले म्हणजे पुरे. झोप आलीच नाही तर वीसेक मिनिटांनी उठून मंद उजेडात शांत बसावे, पुस्तक उघडू नये, आणि पेंग आली की परत पडावे. एखाद्या रात्री झोप थोडी कमी झाली म्हणून केलेला अभ्यास वाया जात नाही. ही गोष्ट मुलाला आधीच सांगून ठेवली की रात्री घड्याळाकडे पाहून होणारी घालमेल कमी होते.

पहिला अर्धा तास पुस्तक मिटून

आता अभ्यास. दुकानदारांच्या मुलीला मी सांगितले, घरी गेल्यावर लगेच वाचायला बसू नकोस. एक कोरा कागद घे. दहाही धड्यांची नावे लिही. प्रत्येक धड्याला तीन मिनिटे दे आणि पुस्तक न उघडता त्यातले जे मुद्दे आठवतील ते नावापुढे लिही. अर्ध्या तासात धड्यांच्या तीन रांगा आपोआप होतील. येतात ते, अडतात ते, आणि येतच नाहीत ते.

हे पुस्तक मिटूनच का करायचे? कारण उघड्या पुस्तकापुढे सगळेच येते असे वाटते. २००६ साली रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकी संशोधकांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. दोन दिवसांनी आणि आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. पुन्हा वाचल्याने लगेच बरे वाटते ते यामुळेच. पण ते वाटणे फार टिकत नाही, आणि पेपर तर उद्या असतो.

दुपारी मुलीने धाकट्या भावाबरोबर कागद पाठवला. 'आनुवंशिकता व उत्क्रांती', 'पर्यावरणीय व्यवस्थापन', 'सामाजिक आरोग्य' आणि 'आपत्ती व्यवस्थापन' हे चार धडे तिला येत होते. 'सजीवांतील जीवनप्रक्रिया'चे दोन्ही भाग, 'हरित ऊर्जेच्या दिशेने', 'प्राण्यांचे वर्गीकरण' आणि 'ओळख सूक्ष्मजीवशास्त्राची' हे पाच अडत होते. 'पेशीविज्ञान व जैवतंत्रज्ञान' या धड्यापुढे एकच ओळ होती. तो तिने वर्षभर नीट वाचलाच नव्हता.

वडिलांचा निरोप होता, "आज दिवसभर तोच एक धडा करून घ्यायला सांगतो."

अगदी स्वाभाविक वाटणारा सल्ला, आणि बहुतेक घरांत हाच दिला जातो. मी मात्र उलट निरोप पाठवला. अडणारे पाच धडे आधी, न वाचलेल्या धड्याला शेवटी अर्धा तास, आणि येणाऱ्या चार धड्यांवर नुसती नजर.

काय सोडावे याचा हिशेब

हा सल्ला अंदाजाने दिला नव्हता. प्रश्नपत्रिकेची रचनाच पाहा. पहिला प्रश्न दहा गुणांचा आणि त्यात पर्याय नसतो. दुसऱ्या प्रश्नात शास्त्रीय कारणे तीनपैकी दोन लिहायची आणि पुढची उत्तरे पाचपैकी तीन. तिसऱ्यात आठपैकी पाच, प्रत्येकी तीन गुणांची. चौथ्यात दोनपैकी एक, पाच गुणांचा. छापलेल्या सगळ्या प्रश्नांची बेरीज केली तर ती साठ गुणांची भरते आणि लिहायचे असतात चाळीस गुणांचे. म्हणजे एखाद्या धड्यावरचा मोठा प्रश्न सोडून देण्याची सोय मंडळानेच ठेवलेली आहे. सोय नाही ती फक्त पहिल्या प्रश्नात.

म्हणून न वाचलेल्या धड्याचे मोठे उत्तर पाठ करण्यात अर्धा दिवस घालवू नये. त्यातल्या व्याख्या, नावे आणि धड्याखालचे एका वाक्यातले प्रश्न एवढेच अर्ध्या तासात पाहून पुस्तक मिटावे. पहिल्या प्रश्नातला एखाद-दुसरा गुण त्यातून हाती लागतो. उलट अडणारा धडा एकदा शिकलेला असतो. अर्ध्या-पाऊण तासात तो परत जागा होतो. विसरलेली वाट पुन्हा सापडायला वेळ लागत नाही. नवीन वाट पाडायला लागतो.

बाजारातले नवे अपेक्षित प्रश्नसंच, मित्राने आणून दिलेल्या दुसऱ्या शिकवणीच्या नोट्स, मोबाइलवर रात्री फिरणारे 'उद्या हेच येणार' असे प्रश्न, हे सारे याच न्यायाने बाजूला ठेवावे. त्यांत एखादी अनोळखी ओळ दिसली की मुलाला वाटते, आपल्याला काहीच येत नाही. रात्री साडेआठनंतर मुलाचा मोबाइल आईवडिलांनी आपल्याकडे ठेवावा, आणि आपलाही त्याच्यासमोर वाजू देऊ नये. झालेल्या पेपरची उत्तरे ताडून पाहणेही त्या दिवशी वर्ज्य. भाग १ मधला गेलेला गुण आता परत येत नाही, पण भाग २ मधला जाऊ शकतो.

कोणता धडा केव्हा

धडे निवडल्यावर त्यांचा क्रमही विचाराने लावावा. समजून घेऊन लिहायचे ते दिवसा, आणि नुसती स्मरणाची नावे-तक्ते रात्री व पहाटे. समजलेली गोष्ट लवकर हलत नाही. नावांच्या जोड्या मात्र चटकन घसरतात, म्हणून त्या पेपरच्या जितक्या जवळ तितक्या बऱ्या.

मुलीने केले ते असे. साडेअकरा ते एक 'जीवनप्रक्रिया भाग १', म्हणजे अन्नापासून ऊर्जा कशी मिळते आणि पेशी कशी विभागते हा भाग. एकला जेवण, मग वीस मिनिटे डोळे मिटून पडणे. पावणेदोन ते पावणेचार 'जीवनप्रक्रिया भाग २'. त्यात आकृत्या पुष्कळ. पुस्तकातली आकृती बघत बसण्यापेक्षा कोऱ्या कागदावर ती स्वतः काढून नावे द्यायची, मग पुस्तक उघडून चुकलेली नावे लाल शाईने दुरुस्त करायची. तिला मानवी प्रजनन संस्थेच्या आकृतीत पहिल्या खेपेला निम्मीच नावे आली. संध्याकाळी तीच आकृती पुन्हा काढली तेव्हा एकच चुकले. चार ते सहा 'हरित ऊर्जे'तील वीजनिर्मितीचे टप्पे. औष्णिक, अणू आणि जलविद्युत या तीन केंद्रांचे प्रवाहतक्ते तिने न पाहता एकाखाली एक काढले, म्हणजे त्यांतले साम्य आणि फरक एका नजरेत दिसले.

सहाला अर्धा तास पाय मोकळे. साडेसहा ते साडेसात तीन गुणांचे दोन आणि पाच गुणांचा एक प्रश्न घड्याळ लावून लिहून काढणे. दोन तासांत चाळीस गुण म्हणजे एका गुणाला तीन मिनिटे. तीन गुणांच्या उत्तराला नऊ मिनिटे आणि त्याहून जास्त नाही. ही नऊ मिनिटे किती असतात हे हाताला आदल्या दिवशीच कळलेले बरे. तिच्या पहिल्या उत्तराला चौदा मिनिटे लागली, कारण सुरुवातीची प्रस्तावनाच अर्धे पान होती. दुसऱ्या उत्तरात ती प्रस्तावना गेली.

रात्री जेवणानंतर साडेआठ ते सव्वानऊ सूक्ष्मजीव आणि त्यांपासून मिळणारे पदार्थ यांचा तक्ता, शिवाय न वाचलेल्या धड्यातले एका वाक्याचे प्रश्न. सव्वानऊला पुस्तक बंद. प्रवेशपत्र, दोन पेन, पेन्सिल, पट्टी आणि साधे घड्याळ पिशवीत. साडेदहाला झोप. सकाळी साडेसहा ते आठ प्राण्यांचे दहा संघ, रंध्रीय प्राण्यांपासून समपृष्ठरज्जू प्राण्यांपर्यंत, प्रत्येकाचे एक ठळक लक्षण आणि एक उदाहरण. मग येणाऱ्या चार धड्यांवर भरभर नजर. आठनंतर नवीन काही उघडायचे नाही.

ताटात काय असावे

आता खाण्याविषयी. याचा नियम एका ओळीचा आहे. या चोवीस तासांत घरचे, ताजे आणि सवयीचे. तिन्ही शब्द महत्त्वाचे आहेत.

ताजे कशासाठी, तर विषबाधेचे गणित समजून घ्या. बाहेर राहिलेले पेढे, बासुंदी, मलईचे पदार्थ यांत काही जंतू विष तयार करतात. असे काही पोटात गेले की साधारण एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भाताचेही तसेच. असा भात सकाळी फोडणी देऊन परतला तरी त्यातले विष नाहीसे होत नाही. सकाळी आठला खाल्लेल्या फोडणीच्या भाताचा हिशेब बरोबर पेपरच्या वेळेत चुकता होतो. आणि आदल्या संध्याकाळी गाड्यावर खाल्लेल्या पाणीपुरीतले जंतू रात्रीतून किंवा दुसऱ्या दिवशी जुलाब लावू शकतात. एरवी खा, त्या दिवशी नको.

दुपारी वरणभात, पोळी, भाजी असे नेहमीचेच, पण दोन घास कमी. जेवणानंतर सुस्ती येतेच, भरगच्च जेवल्यावर ती अधिक येते. रात्री आठपर्यंत मुगाची खिचडी व तूप किंवा भाकरी-भाजी. तळण आणि झणझणीत रस्सा टाळावा, कारण आडवे पडल्यावर जळजळ झाली की झोप मोडते. सकाळी सव्वाआठला पोहे, उपमा, थालीपीठ किंवा पोळी-भाजी, सोबत कपभर दूध किंवा खात असल्यास एक अंडे, आणि एखादे केळे. नुसत्या गोडापेक्षा असा मिसळीचा आहार पोटात हळूहळू पचतो आणि एकपर्यंत टिकतो. ग्लुकोजची पूड पाण्यात ढवळून पेल्यामागून पेले पाजण्याची पद्धत आहे, तिने बुद्धी तरतरीत होत नाही. उलट फार गोड पाण्याने मळमळ होते. दह्यासाखरेचा चमचा मात्र आजीने जरूर द्यावा, दही ताजे असले म्हणजे झाले.

काही मुलांना त्या सकाळी घास उतरत नाही. त्यांना बळजबरी करू नये. अर्धा कप दूध आणि अर्धी पोळी आठला, उरलेले केळे नऊला, असे विभागून द्यावे. मळमळ भीतीची आहे की आजाराची हे ओळखण्याची एक खूण सांगतो. भीतीची मळमळ ताप, जुलाब यांशिवाय येते, बोलण्यात मन रमले की ओसरते, आणि पेपर सुरू झाल्यावर सहसा राहत नाही. ताप असेल, पोटात मुरडा येत असेल किंवा दोन-तीनदा उलटी झाली असेल तर तो आजार समजून डॉक्टरांना दाखवावे. तोपर्यंत एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट पाजावे. चमचा चहाचा, लहान.

उपवास त्या दिवशी असेल तर घरातल्या वडीलधाऱ्यांनीच मुलाला मोकळीक द्यावी. रोजा असणाऱ्यांनी सहेरीला पोटभर खाऊन भरपूर पाणी प्यावे आणि नंतर घटकाभर झोपावे.

चहा, पाणी आणि गोळ्या

चहा-कॉफीतले कॅफिन रक्तातून निम्मे उतरायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी पाचच्या चहातले निम्मे रात्री दहालाही अंगात असते. म्हणून शेवटचा चहा दुपारी चारच्या आत. सकाळी रोजची सवय असेल तर एक कप जरूर घ्यावा, कारण सवयीचा चहा एकदम तोडला तरी डोके दुखते. पाणी सकाळपासून थोडे थोडे प्यावे, शेवटचा पेला दहाच्या आत, आणि केंद्रावर पोचल्यावर लघवीला जाऊन यावे.

गोळ्यांच्या बाबतीत 'नवीन काही नाही' हा नियम कडक पाळावा. सर्दीच्या कित्येक साध्या गोळ्यांनी पेंग येते आणि रात्री उशिरा घेतल्यास ती सकाळपर्यंत रेंगाळते. भीती कमी करणारी म्हणून शेजारच्याची गोळी देऊ नये. त्यांतली काही दम्याच्या मुलांना धोकादायक असतात. मुलींनी पाळी पुढे ढकलण्याची गोळी आदल्या रात्री सुरू करून उपयोग नसतो. ती अपेक्षित तारखेच्या साधारण तीन दिवस आधी, डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरू करायची असते. पोटदुखीची नेहमीची, पूर्वी मानवलेली गोळी जवळ असू द्यावी. दम्याच्या मुलाने पंप खिशात ठेवावा. इन्सुलिन घेणाऱ्या मुलाने डोस आणि नाश्ता दोन्ही वेळेवर घ्यावेत आणि साखरेच्या दोन वड्या जवळ ठेवाव्यात. केंद्रप्रमुखांना आधी सांगितले म्हणजे अडचण येत नाही.

एक उलटा दाखला

हे सारे न पाळल्यास काय होते तेही पाहा. एका केंद्रावरून एकदा मला साडेअकराला बोलावणे आले. मुलगा बाकावरच कलंडला होता. शुद्ध मिनिटभरात आली होती, पण चेहरा पांढरा आणि अंग घामाने थंड. रात्रभर जागा, सहा-सात कप चहा, रात्रीपासून पोटात दुसरे काही नाही, आणि पहाटे एक उलटी. नाडी मंद होती, रक्तदाब उतरला होता. आडवे करून पाय उंच केले, सावकाश मीठ-साखरेचे पाणी दिले. वीस-पंचवीस मिनिटांत तो उठून बसला आणि पेपर लिहू लागला. पण एका गुणाला तीन मिनिटे या हिशेबाने त्याचे आठएक गुण जमिनीवर पडूनच गेले. रात्रभरात त्याने जे दोन धडे केले होते त्यांतून इतके गुण मिळाले असते का, याचा विचार पालकांनी करावा. आणि हेही लक्षात असू द्यावे की चक्कर नेहमीच अशी साधी नसते. मिनिटभरात शुद्ध आली नाही, झटके आले किंवा छातीत दुखू लागले, तर पेपर बाजूला ठेवून रुग्णालयच गाठावे.

खेड्यातून एस.टी.ने येणाऱ्या मुलांना नऊलाच, कधी आठलाच घर सोडावे लागते. त्यांनी सारे वेळापत्रक तितके मागे सरकवावे. उठणे पाचला, तर झोपणे साडेनऊला, आणि त्याची सवय आठवडाभर आधीपासून लावावी. नाश्ता घरी अर्धा करावा, उरलेली पोळी-भाजी डब्यात घेऊन केंद्राजवळ दहाला खावी. घरी रिकाम्या पोटी निघून स्टँडवर वडापाव, असे नको.

दुकानदारांची मुलगी दुसऱ्या दिवशी पेपर सुटल्यावर वडिलांबरोबर दवाखान्यापाशी थांबली. जैवतंत्रज्ञानावरचा तीन गुणांचा प्रश्न तिने पर्यायात सोडला होता, पहिल्या प्रश्नात त्या धड्यावरचे एक उत्तर आले होते, आणि लिहून झाल्यावर उत्तरपत्रिका तपासायला सात-आठ मिनिटे उरली होती. वडिलांनी विचारले, "डॉक्टर, ती कालची चिठ्ठी परत मिळेल का? हरवली, आणि शुक्रवारी इतिहास आहे."

मी म्हटले, चिठ्ठीची गरज नाही. पेपर अकराला आहे, तिथून उलटे मोजत या. प्रवास, नाश्ता, झोप एवढे आधी लिहा. उरलेल्या तासांत जे बसेल तो त्या दिवसाचा अभ्यास.